एकच बिघाड, बारा तिकिटे: काय मर्ज करायचे आणि काय लिंक

हेल्पडेस्कच्या रांगेत एकाच कामाची दोन-तीन तिकिटे दिसली की हात आपोआप मर्जकडे जातो, कारण मर्ज केल्यावर रांग लहान दिसते आणि कामही झाल्यासारखे वाटते. मात्र मर्ज ही तिकिटे एकत्र करण्याबरोबरच माणसेही एकत्र करणारी क्रिया आहे, आणि ती बटणाने उलटवता येत नाही. हा लेख रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आम्ही रोज ज्याला नुसते ‘आरटी’ म्हणतो, त्या प्रणालीपुरता आहे. त्यातली उदाहरणे आमच्या बाणेरच्या हेल्पडेस्कवरची असून तिथून आम्ही बाणेर आणि विमाननगर अशा दोन कार्यालयांची तिकिटे सांभाळतो.

आरटीमध्ये मर्ज केल्यावर आत काय घडते, हे आधी नीट समजून घ्यावे लागते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. प्रत्येक तिकिटाला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्याशिवाय डेटाबेसमध्ये `EffectiveId` नावाचा एक रकाना असतो. एरवी या दोन्हींची किंमत सारखीच असते. 4315 हे तिकीट 4312 मध्ये मर्ज केले की 4315 च्या ओळीत `EffectiveId` 4312 होतो. त्यानंतर कोणी 4315 उघडले तरी 4312 समोर येते, आणि विषयात जुना क्रमांक असलेला मेल आला तरी तो 4312 मध्येच नोंदला जातो. दोन्ही तिकिटांचा पत्रव्यवहार वेळेच्या क्रमाने एकाच पानावर दिसतो. इथपर्यंत रिक्वेस्टरचे काहीही हरवत नाही, उलट सोय होते.

हरवते ते दुसरीकडे. मर्ज झालेल्या तिकिटाचा विषय, मालक, रांग आणि कस्टम फील्डमधल्या किमती वरच्या बाजूला दिसेनाशा होतात आणि तिथे फक्त उरलेल्या तिकिटाच्या किमती राहतात. शोधाच्या निकालांत आणि `More about the requestors` या चौकटीत मर्ज झालेले तिकीट स्वतंत्रपणे येत नाही, त्यामुळे एखाद्याने महिन्यात पाच वेळा तक्रार केली असली आणि आपण त्या पाच तक्रारी एकात ओतल्या असल्या, तर सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला एकच तक्रार दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही तिकिटांचे रिक्वेस्टर, `Cc` आणि `AdminCc` उरलेल्या तिकिटावर जमा होतात. पुढे आपण दिलेले प्रत्येक उत्तर त्या सर्वांना जाते, आणि रिक्वेस्टरना सेल्फ सर्व्हिस खुली असेल तर मागचा सगळा पत्रव्यवहारही त्या सर्वांना वाचता येतो.

या शेवटच्या वाक्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. पूर्वी ज्या कार्यालयात काम करत होतो, तिथे प्रिंटर बंद पडल्याच्या नऊ तिकिटांचा मी दोन मिनिटांत एक गठ्ठा केला. त्यांतल्या एका तिकिटाला हिशेब विभागाने छापायची राहिलेली पगाराची यादी जोडलेली होती, आणि ती मी उघडूनही पाहिली नव्हती. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत ती यादी उरलेल्या आठ जणांना आपापल्या सेल्फ सर्व्हिसच्या पानावर दिसत होती.

नियम

त्या दिवसापासून मी एकच कसोटी वापरतो. माणूस तोच आणि मागणीही तीच असेल, तरच मर्ज. माणूस वेगळा असेल तर, मागणी शब्दशः तीच असली तरी, लिंक. माणूस तोच पण मागणी वेगळी असेल तर दोन्ही तिकिटे स्वतंत्र ठेवून, फार तर त्यांच्यात `Refers to` जोडावे. या कसोटीमुळे रांग कधीकधी लांब दिसते आणि वरिष्ठ त्याबद्दल विचारतात. त्यांना उत्तर देणे हे नऊ जणांची माफी मागण्यापेक्षा सोपे असते.

जुळी तिकिटे येतात कुठून

जुळे तिकीट कसे जन्मले हे कळले की त्याचे काय करायचे हे बहुतेक वेळा तिथेच ठरते. पहिला प्रकार म्हणजे स्मरणपत्र. आरटीचे पोचपत्र न शोधता माणूस नव्या विषयाने पुन्हा मेल करतो, विषयात क्रमांक नसतो आणि नवे तिकीट तयार होते. दुसरा प्रकार दोन पत्त्यांचा आहे, म्हणजे कार्यालयाचा मेल बंद असल्यामुळे मोबाइलवरच्या खासगी पत्त्यावरून आलेली तीच तक्रार. आरटीच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे असतात, त्यामुळे नाव वाचूनच खात्री करावी लागते.

तिसरा प्रकार फसवा आहे. एखादी व्यक्ती हेल्पडेस्कला मेल करताना सहकाऱ्याला सीसीमध्ये ठेवते, आणि तो सहकारी आरटीच्या पोचपत्राला उत्तर न देता मूळ मेललाच ‘रिप्लाय ऑल’ करतो. मूळ मेलच्या विषयात तिकिटाचा क्रमांक नसतोच, म्हणून त्याच्या उत्तराचे नवे तिकीट बनते आणि त्याचा रिक्वेस्टर तो सहकारी असतो. इथे मजकूर वाचल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. त्याने फक्त माहितीची भर घातली असेल, तर ते पहिल्याच तक्रारीचे पान आहे. ‘माझ्याकडेही बंद आहे’ असे लिहिले असेल, तर ती त्याची स्वतःची तक्रार आहे.

एका सकाळची बारा तिकिटे

जुलैमधल्या एका गुरुवारी विमाननगरच्या कार्यालयाची लीज्ड लाइन तुटली. बाहेर रस्ता खणला होता. पुण्यात पावसाळ्यात याहून जास्त तपशील कोणी विचारत नाही. सकाळी 9:12 ते 10:05 या वेळात रांगेत 4312 ते 4323 अशी बारा तिकिटे आली. सगळी समोर दिसावीत म्हणून मी शोधाच्या `Advanced` पानावर हे लिहिले:

```
Queue = 'IT-Support' AND Status = '__Active__'
AND Created > '2 hours ago'
```

त्यानंतरचे काम यंत्राचे नाही. बाराही तिकिटे उघडून, जोडलेल्या फायलींसह, वाचावी लागतात. बारा तिकिटांना मला साधारण पंधरा मिनिटे लागली. त्या पंधरा मिनिटांत हाती लागले ते असे. 4312 आणि 4315 ही दोन्ही हिशेब विभागातल्या एकाच ताईंची होती. पहिले कार्यालयाच्या पत्त्यावरून आलेले, तर दुसरे मोबाइलवरून आलेले ‘अजून नेट नाही’ असे स्मरणपत्र. 4321 हे त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने केलेले ‘रिप्लाय ऑल’ होते आणि त्यात फक्त ताईंच्या संगणकाचा क्रमांक होता, स्वतःची तक्रार नव्हती. 4318 मनुष्यबळ विभागाचे होते आणि त्याला पगारपत्रक जोडलेले होते. 4319 मध्ये ‘कनेक्ट होत नाही’ एवढाच मजकूर होता, पण पाठवणारे गृहस्थ त्या दिवशी कोथरूडला घरून काम करत होते, म्हणजे विमाननगरच्या तुटलेल्या लाइनचा त्यांच्याशी संबंध असण्याचे कारण नव्हते. उरलेली सात तिकिटे सात वेगळ्या माणसांची साधी तक्रार होती.

मर्ज करण्याची पद्धत

कसोटीप्रमाणे मर्जला पात्र ठरली फक्त दोन तिकिटे: 4315 आणि, थोड्या दुरुस्तीसह, 4321.

मर्जच्या आधी, जे तिकीट नाहीसे होणार आहे त्याची नोंद उरणाऱ्या तिकिटावर `Comment` म्हणून करावी. `Reply` म्हणून नव्हे, कारण मूळ मांडणीत उत्तर रिक्वेस्टरना जाते आणि कमेंट आतल्या लोकांपुरती राहते. माझी नोंद अशी होती: ‘4315 यात मर्ज करत आहे. त्याच ताई, खासगी पत्ता, 9:31 वाजता. विषय: अजून नेट नाही. मजला: तिसरा. निकड: तातडीची.’ मजला आणि निकड ही आमची कस्टम फील्ड्स आहेत. 4312 मध्ये मजल्याची जागा रिकामी होती, 4315 मध्ये भरलेली होती, आणि मर्जनंतर भरलेली किंमत वर दिसणार नव्हती. म्हणून ती कमेंटमध्ये लिहिलीच, शिवाय 4312 च्या फील्डमध्येही भरली.

मग दिशा ठरवावी. आरटीमध्ये जे तिकीट उघडलेले असते ते, आपण `Merge into` मध्ये लिहिलेल्या क्रमांकात विलीन होते. नवे तिकीट उघडायचे आणि जुन्याचा क्रमांक लिहायचा, हे कायम. उलटे केले तर उरलेल्या तिकिटाची `Created` वेळ नंतरची राहते, आणि 9:12 पासून वाट पाहणारी बाई अहवालात 9:31 पासून वाट पाहणारी ठरते. इथे फरक एकोणीस मिनिटांचाच होता, पण स्मरणपत्र चार दिवसांनी येते तेव्हा तोच फरक चार दिवसांचा होतो. म्हणून 4315 उघडून, `Links` पानावर जाऊन, `Merge into` मध्ये 4312 लिहून जतन केले. कमांड लाइनवर हेच काम असे होते, आणि तिथेही पहिला क्रमांक नाहीशा होणाऱ्याचा असतो:

```
rt merge 4315 4312
```

4321 बाबत एक पायरी जास्त होती. मर्ज केल्याबरोबर सहकारी महाशय 4312 चे दुसरे रिक्वेस्टर झाले. तक्रार त्यांची नव्हती, त्यांनी फक्त मदत केली होती. म्हणून `People` पानावर जाऊन त्यांना रिक्वेस्टरमधून काढले आणि `Cc` मध्ये घातले. ही दुरुस्ती राहून गेली, तर त्यांच्या तक्रारींच्या इतिहासात त्यांनी कधी न केलेली तक्रार कायमची बसते. ताईंचा खासगी पत्ताही आता दुसरा रिक्वेस्टर म्हणून तिकिटावर आला होता. तो मी लाइन परत येईपर्यंत ठेवला, कारण कार्यालयाचा मेल त्यांना तेव्हा दिसत नव्हता, आणि नंतर काढून टाकला.

शेवटी रिक्वेस्टरला कळवावे. मर्ज केल्याचा मेल आरटीच्या मूळ मांडणीत रिक्वेस्टरला जात नाही. ताईंच्या हातात दोन पोचपत्रे आणि दोन क्रमांक होते, म्हणून 4312 वर साधे उत्तर दिले: ‘ताई, आपली 9:12 आणि 9:31 ची दोन्ही पत्रे मिळाली. दोन्ही 4312 या क्रमांकाखाली एकत्र केली आहेत. 4315 या क्रमांकावर उत्तर दिलेत तरी ते इथेच पोचेल.’ हे पाठवण्याआधी वरची रिक्वेस्टरची यादी पुन्हा एकदा वाचून पाहिली. ही सवय फुकट जात नाही.

लिंक करण्याची पद्धत

आता उरलेल्या तिकिटांना एकत्र बांधणारा खांब हवा. आलेल्या तिकिटांपैकीच एखादे मुख्य म्हणून निवडण्याचा मोह होतो, पण ते कोणा एका युजरचे तिकीट असते. त्यावर लाइनच्या कंपनीशी झालेला पत्रव्यवहार चढवला की त्या बिचाऱ्याला दिवसभर मेल येत राहतात, आणि त्याचे स्वतःचे काम झाले तरी तिकीट बंद करता येत नाही. म्हणून मी 4324 हे नवे तिकीट उघडले, रिक्वेस्टर म्हणून आमच्या नेटवर्क टीमचाच पत्ता दिला आणि विषय लिहिला: ‘विमाननगर लीज्ड लाइन बंद, 9:05 पासून’.

आरटीमध्ये लिंकचे तीन प्रकार आहेत. `Refers to` नुसता संदर्भ देते. `Parents` आणि `Children` ही रचना दाखवतात, पण बंद करण्यावर त्यांचा परिणाम होत नाही. `Depends on` मात्र अडवते: ज्यावर अवलंबून आहोत ते तिकीट बंद होईपर्यंत आपले तिकीट `resolved` करता येत नाही. अशा प्रसंगी मी तिसरा प्रकार वापरतो, कारण घाईच्या सकाळी एखादा नवा सहकारी लाइन तुटलेली असतानाच ‘मोडेम बंद-चालू करायला सांगितले’ म्हणून तिकीट मिटवून टाकतो, आणि ते असे थांबवता येते. दिशा इथेही महत्त्वाची आहे. युजरचे तिकीट मुख्य तिकिटावर अवलंबून असते. उलटी लिंक केली तर लाइन सुरू झाल्यावरही मुख्य तिकीट बंद होत नाही आणि आरटी युजरच्या न मिटलेल्या तिकिटांकडे बोट दाखवत राहते. ही चूक झाल्याची खूण हीच.

नऊ तिकिटे जोडायची होती: ताईंचे 4312, पगारपत्रकाचे 4318 आणि ती सात.

```
for t in 4312 4313 4314 4316 4317 4318 4320 4322 4323
do
  rt link $t DependsOn 4324
done
```

कोथरूडच्या 4319 ला लावली ती फक्त `RefersTo`, म्हणजे ‘संशय आला होता, संबंध सिद्ध झालेला नाही’ एवढीच नोंद. अर्ध्या तासात उघड झाले की त्यांच्या व्हीपीएन पासवर्डची मुदत संपली होती. ते तिकीट गठ्ठ्यात गेले असते, तर लाइन सुरू झाल्यावर त्यांनाही ‘झाले’ असा मेल गेला असता आणि त्यांचा दिवस वाया गेला असता.

नऊ जणांना एकाच वेळी उत्तर देण्यासाठी मर्ज लागत नाही, आणि लोक बहुतेक वेळा इथेच चुकतात. खालील शोध करून निकालाच्या पानावरून `Bulk Update` उघडले की एकच मजकूर नऊही तिकिटांवर लिहिला जातो, पण प्रत्येक तिकिटाचा मेल त्याच्याच क्रमांकाने आणि त्याच्याच रिक्वेस्टरला जातो. कोणाला दुसऱ्या कोणाचा पत्ता दिसत नाही.

```
DependsOn = 4324 AND Status = '__Active__'
```

याच `Bulk Update` पानाच्या खालच्या भागात लिंकच्या रकान्यांबरोबर `Merge into` चाही रकाना असतो. तिथे चुकून मुख्य तिकिटाचा क्रमांक पडला, तर नऊही तिकिटे एका क्लिकमध्ये विरघळतात. मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो की त्या रकान्याला हात लावायचा नाही, मर्ज नेहमी एकेकच.

लाइन दुपारी 12:40 ला परत आली. आधी 4324 बंद केले, मग त्याच शोधातून नऊ जणांना ‘लाइन सुरू झाली आहे, आपल्याकडे अजून अडचण असेल तर या मेलला उत्तर द्या’ असे लिहून त्यांची तिकिटे `resolved` केली. बंद तिकिटाला रिक्वेस्टरने उत्तर दिले की आरटीच्या मूळ मांडणीत ते पुन्हा `open` होते. दोन तिकिटे तशी उघडली, 4317 आणि 4322. दोघेही तिसऱ्या मजल्याच्या एकाच कोपऱ्यात बसणारे होते आणि तिथला स्विच वीज जाऊन आल्यावर नीट उठलाच नव्हता. एकाच मोठ्या तिकिटात ही दोन उत्तरे आली असती, तर सात आभारांच्या मेलमध्ये ती सहज बुडाली असती.

चुकीचे मर्ज झाले तर

चूक झाल्याची पहिली खूण रिक्वेस्टरच्या यादीत दिसते: एकाच तिकिटावर दोन अनोळखी पत्ते. दुसरी खूण म्हणजे ‘हा मेल मला का आला’ असे उत्तर. एखाद्या तिकिटात काय काय विलीन झाले आहे हे पाहायचे असेल, तर डेटाबेस सांभाळणाऱ्याकडून हा फक्त वाचणारा प्रश्न चालवून घ्यावा:

```sql
SELECT id, Created, Subject
FROM Tickets
WHERE EffectiveId = 4312 AND id <> 4312;
```

इथली `Created` वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून आपल्या घड्याळाशी ताडून पाहताना त्यात साडेपाच तास मिळवावेत.

पत्रव्यवहाराच्या नोंदी आत मूळ क्रमांकाशीच बांधलेल्या असतात, त्यामुळे `EffectiveId` हाताने पूर्ववत केला की तिकीट परत वेगळे होते असे सांगणारे भेटतात, आणि ते अर्धे खरे आहे. रिक्वेस्टर, लिंका आणि एकत्र मिळवलेला कामाचा वेळ मात्र त्यामुळे परत येत नाहीत, आणि आरटीने आतून बदललेली तिकिटाची स्थितीही तशीच राहते. मी हा मार्ग घेत नाही. माझी पद्धत धीमी पण सुरक्षित आहे. आधी चुकीच्या माणसाला `People` पानावरून काढावे आणि हे पहिल्या मिनिटात करावे, कारण पुढचे उत्तर त्याला जाणे आणि सेल्फ सर्व्हिसमधून त्याला पान दिसणे, दोन्ही त्याने थांबते. मग त्याच्या नावाने नवे तिकीट उघडून त्याचा मूळ मजकूर आणि मूळ मेलची तारीख-वेळ वर लिहावी, जुन्या तिकिटाशी `Refers to` जोडावे, आणि त्याला नवा क्रमांक स्वतः कळवावा, कारण त्याच्याजवळचा जुना क्रमांक यापुढेही चुकीच्याच तिकिटावर जाणार आहे. त्या जुन्या क्रमांकाने त्याचे उत्तर आले तर ते हाताने नव्या तिकिटावर न्यावे लागते. तेवढ्यासाठी चुकीच्या तिकिटावर एक कमेंट ठेवावी, म्हणजे पुढच्या पाळीतल्या माणसाला गोंधळ होणार नाही.

ज्याची माहिती दुसऱ्यांना दिसली, त्याला मात्र मेल नव्हे, फोन करावा, आणि काय दिसले, कोणाला दिसले आणि किती वाजेपर्यंत दिसत होते, ते तिन्ही सांगावे.